वही भरते, वजन हलत नाही: खाण्याची नोंद खरी ठेवण्याची रीत, एका माणसाच्या हिशेबासह

आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण हातात वही घेऊनच येतात. वहीत रोजचे खाणे लिहिलेले असते, बेरीज केलेली असते, आणि त्या बेरजेप्रमाणे वजन उतरायला हवे असते. ते उतरत नाही. मग माणूस ठरवून टाकतो की आपली चयापचयच मंद आहे, आपल्या घराण्याचीच प्रकृती अशी आहे. खरे कारण बहुतेक वेळा वहीत असते. नोंद ठेवण्याची पद्धत चुकलेली असते, आणि ती जवळजवळ सगळ्यांची त्याच पाच-सहा जागी चुकते.

ही पद्धत मी एका गृहस्थांच्या उदाहरणावरून सांगते. वय ४२, उंची १७२ सेंटीमीटर, वजन ९२ किलो, काम दिवसभर बसून. चार वर्षांत त्यांनी पाच वेळा वजन कमी करायला घेतले आणि पाचही वेळा सोडून दिले. सहाव्या वेळी माझ्याकडे आले तेव्हा सहा आठवड्यांची नीट भरलेली वही त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, याहून कमी मी खाऊ शकत नाही." वहीतली सरासरी होती दिवसाला १,७०० कॅलरी. वजन सहा आठवड्यांपूर्वी होते तिथेच.

सुरू करण्याआधी: मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, बाळ अंगावर पीत असेल, वय अठराच्या आत असेल, किंवा पूर्वी कधी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला असेल, तर यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. मोजून खाणे काही माणसांच्या मनावर फार वाईट पकड घेते. आकड्यांमुळे झोप उडू लागली, जेवायची भीती वाटू लागली, तर मोजणे थांबवा आणि मदत घ्या.

## टप्पा १: आधी जुन्या वहीचा ताळा घ्या

नवी नोंद सुरू करण्याआधी जुनी किती खोटी आहे ते कळले पाहिजे. त्यासाठी दोन आकडे लागतात.

पहिला आकडा म्हणजे शरीराचा रोजचा अंदाजे खर्च. पुरुषांसाठी नेहमी वापरले जाणारे सूत्र असे आहे:

(१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंटीमीटरमध्ये) − (५ × वय) + ५

स्त्रियांसाठी शेवटी ५ मिळवण्याऐवजी १६१ वजा करायचे. या गृहस्थांचे उत्तर आले १,७९०. हा नुसता पडून राहण्याचा खर्च. बसून काम आणि थोडेफार चालणे असेल तर त्याला साधारण १.४ ने गुणतात, म्हणजे रोजचे सुमारे २,५०० झाले. हा अंदाज आहे, माणसागणिक तो शे-दोनशेने इकडेतिकडे होतो. ताळा घ्यायला तेवढा पुरतो.

दुसरा आकडा म्हणजे एक किलो चरबीत साठलेली ऊर्जा. ती ढोबळमानाने ७,७०० कॅलरी धरतात.

आता वही खरी धरून चालू. रोजचा खर्च २,५००, खाणे १,७००, म्हणजे रोज ८०० ची तूट. सहा आठवड्यांचे ४२ दिवस, एकूण तूट ३३,६००. त्याला ७,७०० ने भागले की सुमारे साडेचार किलो. तेवढे वजन उतरायला हवे होते आणि उतरले शून्य. चयापचय कितीही मंद धरली तरी रोजचे ८०० एवढी मोठी फट तिने भरून निघत नाही. म्हणजे ते गृहस्थ प्रत्यक्षात रोज २,५०० च्या आसपास खात होते.

हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मी खोटं लिहितोय असं म्हणताय तुम्ही?" हा प्रश्न रागाचा नव्हता, दुखावल्याचा होता. मी त्यांना १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलेला एक अभ्यास सांगितला. अगदी कमी खाऊनही वजन उतरत नाही असे म्हणणाऱ्या माणसांचा खरा ऊर्जाखर्च त्यात शास्त्रीय पद्धतीने मोजला होता. त्यांची चयापचय ठीकच निघाली. ही माणसे आपले खाणे सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्के जास्त. फसवण्याचा हेतू नसतानाही माणूस इतका चुकतो.

तपासणी: तुमच्या वहीप्रमाणे किती उतरायला हवे होते आणि किती उतरले, हे दोन्ही आकडे शेजारी लिहा. फरक मोठा असेल तर खाणे आणखी कमी करू नका. आधी नोंद दुरुस्त करा. इथेच बहुतेक लोक घाई करतात. मुळात खोट्या असलेल्या १,७०० चे कागदावर १,४०० करतात आणि मग तीही वही खोटी होत जाते.

## टप्पा २: तयारी

साहित्य थोडेच लागते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि भांडे ठेवल्यावर पुन्हा शून्यावर आणता येणारा डिजिटल काटा. अंगाचे वजन करायला एक काटा. मोजपट्टी. वही किंवा फोनमधले नोंदीचे ॲप, जे तुम्ही सोबत बाळगाल ते. घरातल्या रिकाम्या पातेल्यांचे आणि कढईचे वजन एकदा करून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हे का, ते पुढे येईल.

काट्याची जागा महत्त्वाची आहे. तो कपाटात गेला की संपला. या गृहस्थांचा काटा आधीही होता, पण वरच्या फळीवर, खोक्यात. आम्ही तो ओट्यावर, चहाच्या साखरेच्या डब्याशेजारी आणून ठेवला.

आणखी एक तयारी, आणि माझ्या मते यावरच पुढचे सगळे उभे आहे: वही कोणाला दाखवायची नाही हे आधी ठरवा. निदान पहिले चौदा दिवस.

हे मला त्या गृहस्थांकडूनच कळले. पहिल्या भेटीच्या शेवटी मी सहज विचारले की ही वही तुम्ही लिहिता कधी? म्हणाले, रात्री, सगळे झोपल्यावर. आणि लिहिताना डोळ्यांसमोर काय येते? थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही. म्हणजे तुमच्याआधी जे होते ते. बायको. ती वाचेल म्हणून दुसरा वाढलेला भात मी कधी लिहितच नाही." आधीच्या एका सल्लागाराने त्यांना वहीतल्या मिठाईवरून चारचौघांत बोल लावला होता. तेव्हापासून त्यांची वही ही तपासायला द्यायची वही झाली होती. जे खायला हवे होते ते ते लिहीत होते. ही वही मागून पाहण्यात माझीही चूकच होती, आणि तेव्हापासून पहिल्या चौदा दिवसांची वही मी कोणाकडूनही मागत नाही. फक्त रोजची बेरीज विचारते.

## टप्पा ३: चौदा दिवस काहीही न बदलता मोजा

या काळात आहार करायचा नाही. नेहमीचेच खायचे, फक्त मोजून. एकाच दिवशी मोजणेही सुरू केले आणि कमी खाणेही, तर आपण मुळात किती खात होतो ते कधीच कळत नाही, आणि पुढे अडलो तर कुठे अडलो तेही सापडत नाही.

नियम चार आहेत.

१. आधी लिहा, मग खा. रात्रीच्या आठवणीवर लिहिलेल्या नोंदीत जेवण असते, पण चाखलेले, उरलेले म्हणून संपवलेले आणि उभ्याने खाल्लेले नसते. ताट वाढले की काट्यावर ठेवून आकडा टिपायचा आणि मगच पहिला घास. दुसऱ्यांदा वाढून घेतले तर नवी ओळ.

२. ग्रॅममध्ये लिहा. वाटी, चमचा, मूठ ही मापे वहीतून हद्दपार करा. भात सपाट भरला की शिगोशीग, यावर एकाच वाटीत दीडपट फरक पडतो. चमच्याचेही तसेच. चहाचा चमचा आणि वाढायचा चमचा दोघांनाही आपण चमचाच म्हणतो. तेलाच्या बाबतीत तो गोंधळ पाच ग्रॅम आणि चौदा ग्रॅम इतका असतो, म्हणजे ४५ कॅलरी आणि १२५ कॅलरी.

३. कच्चे की शिजलेले, ते प्रत्येक ओळीत लिहा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात आणि १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३०. तांदूळ तोच, भातात पाणी शिरलेले असते. भात मोजून तांदळाचा आकडा लावला किंवा उलटे केले, तर एका जेवणात शेकडो कॅलरींची चूक होते. ॲपमध्ये नुसते 'भात' किंवा 'डाळ' असे नाव दिसले आणि पुढे काही लिहिलेले नसले, तर १०० ग्रॅमचा आकडा पाहा. कोरड्या धान्याचा आणि डाळीचा आकडा साडेतीनशेच्या आसपास असतो, शिजलेल्याचा त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी.

४. अंदाज असेल तर 'अं' लिहा. बाहेर जेवलात, कोणाच्या घरी जेवलात, मोजता आले नाही, तर अंदाज लिहा आणि शेजारी 'अं' अशी खूण करा. कोरे पान मात्र सोडायचे नाही. चुकीच्या अंदाजाचा दिवस पुढे दुरुस्त करता येतो. कोऱ्या पानाचा दिवस बेरजेत शून्य होऊन बसतो आणि सरासरी खाली ओढतो.

एकत्र शिजवलेल्या पदार्थाचे काय, हा प्रश्न इथे सगळेच विचारतात. डाळ सगळ्या घरासाठी शिजते आणि आपण त्यातला एक भाग खातो. यासाठी पातेल्याचे वजन हाताशी हवे. त्या गृहस्थांच्या घरचे एक दिवसाचे उदाहरण: १५० ग्रॅम कोरडी डाळ (सुमारे ५२० कॅलरी), ३० ग्रॅम तेल (२७०), कांदा-टोमॅटो मिळून २०० ग्रॅम (६०). एकूण ८५०. शिजल्यावर पातेल्यासकट वजन भरले १,८४० ग्रॅम. रिकामे पातेले ६४०. म्हणजे डाळ १,२०० ग्रॅम. त्यांनी वाढून घेतली २५० ग्रॅम. ८५० ला २५० ने गुणून १,२०० ने भागले की १७७. पहिल्या दोन दिवसांत हे कंटाळवाणे वाटते. घरात पदार्थ तेच ते असल्याने आठवड्यानंतर बहुतेक आकडे वहीत तयार असतात.

तेलासाठी याहून सोपी आणि खरी युक्ती आहे. स्वयंपाक दुसरे कोणी करत असेल तर त्यांच्या हातामागे काटा घेऊन उभे राहू नका, घरात भांडण होते. तेलाच्या बाटलीचे सोमवारी सकाळी वजन करा आणि पुढच्या सोमवारी सकाळी परत करा. मधे दुसरी बाटली फोडली तर तीही धरा. फरकाला सातने भागा, मग खाणाऱ्या माणसांच्या संख्येने. तळणीचे तेल काढून टाकले असेल तर ते वजा करा.

सावधान: मोजायला लागल्यावर माणूस आपोआप कमी खातो. नको तो पदार्थ लिहावा लागेल म्हणून तो खाणेच टाळतो. पहिल्या तीन-चार दिवसांचे आकडे म्हणून थोडे खालचे येतात. चौदा दिवसांचा आग्रह त्यासाठीच आहे, आणि त्यात दोन पूर्ण शनिवार-रविवार आले पाहिजेत.

### त्यांचे आठशे कुठे होते

चौदा दिवसांनी ते आले तेव्हा वही आणली नव्हती, एका कागदावर पाच ओळी लिहून आणल्या होत्या. त्यांच्या आठशेचा शोध असा लागला.

तेल. जुन्या वहीत रोज दोन छोटे चमचे, म्हणजे १० ग्रॅम, ९० कॅलरी. बाटलीच्या वजनाने आठवड्याला ६३० ग्रॅम निघाले. तीन माणसांचे घर, म्हणजे माणशी रोज ३० ग्रॅम, २७० कॅलरी. फरक १८०.

भात. वहीत १५० ग्रॅम, काट्यावर दोनदा मिळून २४० ग्रॅम. फरक सुमारे १२०.

चहा. रोज तीन कप. वहीत प्रत्येकी ३० कॅलरी. प्रत्यक्षात कपात ६० मिलिलिटर सायीचे दूध आणि दोन चमचे साखर, मिळून ७५. तीन कपांचा फरक १३५.

संध्याकाळचे शेंगदाणे. वहीत नव्हतेच. घरी आल्यावर, कपडे बदलण्याआधी, डब्यातून एक मूठ. ते म्हणाले, "ते मी खाणं म्हणून धरलंच नव्हतं हो. भूक नसते तेव्हा, हात जातो." मूठ भरली ३५ ग्रॅम. सुमारे २०० कॅलरी.

शनिवार आणि रविवार. जुन्या वहीत या दोन दिवसांची पाने जवळजवळ रिकामी होती, आणि सरासरी काढताना त्यांनी ती सोडून दिली होती. नव्या नोंदीत हे दोन्ही दिवस इतर दिवसांपेक्षा प्रत्येकी सुमारे ६०० ने वर होते. बाराशेला सातने भागले की रोजचे १७०.

बेरीज ८०५. यात चोरून खाल्लेला एकही पदार्थ नाही, मेजवानी नाही. मुख्य जेवणातली भाजी, डाळ, अंडी त्यांनी पूर्वीही बरीचशी बरोबर लिहिली होती. चूक होती ती चिकटून येणाऱ्या गोष्टींत: जे पदार्थात मुरते, कपात विरघळते, उभ्याने खाल्ले जाते.

## टप्पा ४: नव्या नोंदीचा ताळा

नवी नोंद खरी आहे याचा पुरावा लागतो, आणि तो अंगाच्या वजनातून मिळतो. पण एका दिवसाच्या वजनातून नाही. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. तुलना नेहमी सरासरीची सरासरीशी. एका दिवसात वजन एक-दीड किलोने वरखाली होणे नेहमीचे आहे. खारट जेवणाने शरीर पाणी धरून ठेवते. पिष्टमय पदार्थ जास्त खाल्ले की ते ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बांधून ठेवतात. स्त्रियांत मासिक पाळीच्या आसपास हा फरक आणखी वाढतो, म्हणून त्यांनी एका पाळीतल्या दिवसांची तुलना पुढच्या पाळीतल्या त्याच दिवसांशी करावी.

त्यांची पहिल्या आठवड्याची सरासरी ९२.१ आणि दुसऱ्याची ९२.०. वजन स्थिर. नव्या वहीतली सरासरी २,४७०. सूत्राने काढलेला खर्च २,५००. ताळा जमला.

तपासणी: वजन स्थिर असताना वहीतली सरासरी आणि सूत्राचा आकडा यांत शे-दीडशेचा फरक असेल तर वहीवर विश्वास ठेवा आणि पुढे तोच आकडा आपला खर्च म्हणून वापरा. फरक चारशे-पाचशेचा असेल तर अजून काहीतरी सुटते आहे. तेल, पेये, सुट्टीचे दिवस आणि स्वयंपाक करताना चाखलेले, या चार जागा पुन्हा पाहा. तरीही वजन आणि नोंद यांचा मेळ लागत नसेल, आणि सोबत थकवा, थंडी वाजणे, पायांवर सूज असे काही असेल, तर थायरॉइडची तपासणी आणि चालू औषधांविषयी डॉक्टरांशी बोलणे योग्य. काही औषधांनी वजन खरोखर वाढते.

## टप्पा ५: आता कमी करा, पण जिथे फुगले आहे तिथूनच

रोजची तूट ४०० च्या आसपास ठेवली. जास्त ठेवता येते, पण यांचे पाचही जुने प्रयत्न हजार-बाराशेच्या तुटीने तिसऱ्या आठवड्यात कोसळले होते. इतकी भूक सोसवत नाही, मग एका रात्री बांध फुटतो, आणि त्या रात्रीची नोंद होत नाही.

नवा आहार दिला नाही. पाच ओळींचा तोच कागद पुढे ठेवला. घरचे तेल दिवसाला ९० वरून ६० ग्रॅमवर आले, त्यांच्या वाट्याचे ९० कॅलरी कमी. शेंगदाणे १५ ग्रॅम मोजून एका छोट्या वाटीत, डबा परत कपाटात, ११० कमी. चहात साखरेचा एकच चमचा, ५५ कमी. भात २४० वरून १८० ग्रॅम, ८० कमी. सुट्टीच्या दिवशी ६०० ऐवजी ३०० जादा, त्याचे रोजचे ८५ कमी. एकूण ४२०. डाळ, अंडी, दूध यांना हात लावला नाही, कारण प्रथिने घटली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि भूकही लवकर लागते.

सावधान: व्यायामाच्या कॅलरी वहीत जमा धरू नका. मनगटावरचे घड्याळ ३५० जळाल्या म्हणते आणि माणूस तेवढे खाऊन बसतो. ते आकडे बऱ्याचदा फुगलेले असतात, आणि तुमच्या नेहमीच्या चालण्याचा खर्च वरच्या गुणाकारात आधीच आलेला असतो. चाला, वजने उचला, पण वहीत त्याची वजावट करू नका.

## टप्पा ६: अडल्यावर कोणत्या क्रमाने शोधायचे

पाचव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. दहा दिवस वजन खाली आले नव्हते आणि त्या दिवशी सकाळी तर एकदम सव्वा किलो वर होते. आवाजावरून कळत होते की हा सहावा प्रयत्नही सोडायची तयारी झाली आहे.

मी आदल्या दोन दिवसांचे खाणे विचारले. प्रवास होता, दोन्ही दिवस बाहेरचे खारट जेवण. सव्वा किलो चरबी चढायला खर्चाच्या वर साडेनऊ हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागतात, तेवढे दोन दिवसांत कोणी सहज खात नाही. ते पाणी होते आणि चार दिवसांत गेले. पण दहा दिवस जागचे न हललेले वजन उरलेच. त्यासाठी हा क्रम धरला.

१. निदान दोन आठवड्यांच्या सरासरी पाहा. त्याआधी कोणताही निष्कर्ष नको.

२. कमरेचा घेर बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून मोजा. घेर कमी होत असेल आणि वजन थांबले असेल तर चरबी उतरते आहे, पाण्याने ती झाकली आहे. थांबा.

३. दोन्ही थांबले असतील तर तीन दिवस सगळे पुन्हा काट्यावर. डोळ्यांना सवय झाली या भरवशावर आपण मोजणे सोडलेले असते.

४. तीन दिवसांत चूक सापडली नाही, तरच रोजचे १०० ते १५० आणखी कमी करा. वजन उतरले की शरीराचा खर्चही थोडा घटतो, तेव्हा हे कधी ना कधी करावे लागतेच. फक्त ते शेवटी करायचे.

त्यांची चूक तिसऱ्या पायरीवर सापडली. शेंगदाण्यांची १५ ग्रॅमची वाटी त्यांनी तीन आठवड्यांपासून मोजली नव्हती. काट्यावर ठेवली तर २८ ग्रॅम. शिवाय प्रवासातल्या तीन जेवणांपुढे 'अं' होते आणि तिन्ही अंदाज घरच्या तेलाच्या हिशेबाने लिहिलेले होते. बाहेरच्या जेवणात तेल आणि साखर घरच्यापेक्षा सढळ असते. घरी त्याच पदार्थाचा जो आकडा येतो त्यात निदान एक चतुर्थांश वाढवून लिहावे, असे मी सांगते.

या वेळी त्यांनी स्वतःहून मला वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठवला. वाटीच्या ओळीवर काट मारून खाली लिहिले होते: '१५ नव्हे २८. मागच्या तीन आठवड्यांचेही बहुधा असेच.' खोडून मिटवू नका, काट मारून खाली खरे लिहा. मागची चूक दिसत राहिली तरच पुढच्या वेळी कुठे पाहायचे ते कळते.

दहा आठवड्यांनी सरासरी वजन ९२.० वरून ८८.८ झाले आणि कमर १०४ सेंटीमीटरवरून १०० वर आली. रोज ४०० च्या तुटीने ३.६ किलो उतरायला हवे होते, उतरले ३.२. म्हणजे वहीत अजून रोजचे सुमारे ५० सुटत होते. तेवढी गळती राहणारच, ती शोधायला मी त्यांना लावले नाही.

## टप्पा ७: मोजणे सैल करताना

जन्मभर काटा घेऊन जेवायचे नसते. वजन हवे तिथे आले, आणि निदान महिनाभर तिथे टिकले, की मोजणे टप्प्याटप्प्याने सोडा. आधी भाज्या मोजणे थांबवा, त्यांनी फारसा फरक पडत नाही. मग डाळ, भात, अंडी. तेल, सुकामेवा आणि गोड यांचे वजन करणे सर्वांत शेवटी सोडा, कारण थोड्या आकारात सर्वांत जास्त कॅलरी त्यांत असतात आणि डोळा त्यांच्याच बाबतीत सर्वांत जास्त फसतो. अंगाच्या वजनाची सात दिवसांची सरासरी मात्र चालू ठेवा. ती ठरवलेल्या आकड्याच्या दीड किलो वर गेली, की एक पूर्ण आठवडा सगळे पुन्हा काट्यावर.

त्या गृहस्थांनी आता भात आणि डाळ मोजणे सोडले आहे. महिन्याचा पहिला आठवडा ते पूर्ण नोंद ठेवतात. सोमवारी सकाळी तेलाची बाटली काट्यावर ठेवण्याचे काम त्यांच्या बायकोने आपल्याकडे घेतले आहे, आणि तो आकडा ती स्वतःच वहीत लिहिते.